जिल्ह्यातील अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांचे अधिकृत क्षेत्रफळ कसे मिळवावे?

जिल्ह्यात किती चौरस किलोमीटर संरक्षित क्षेत्र आहे, हा प्रश्न सोपा वाटतो. प्रबंध, ग्रामसभेचा ठराव किंवा जमिनीची हरकत यासाठी आकडा लागला की लोक जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन उघडतात, वन विभागाचा तक्ता पाहतात आणि दिसतील त्या रकमांची बेरीज करतात. नेमकी तिथेच चूक होते.

चंद्रपूरचे उदाहरण घ्या. ताडोबा राष्ट्रीय उद्यान ११६.५५ चौ.कि.मी. आहे, तर १९८६ मध्ये जाहीर झालेले अंधारी अभयारण्य ५०८.८५. दोन्ही मिळून ६२५.४० होतात. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे एकूण क्षेत्र मात्र १,७२७.५९ लिहिलेले असते. हे तिन्ही आकडे मिळवले तर २,३५२.९९ येतात आणि ही बेरीज पूर्णपणे चुकीची आहे. उद्यान आणि अभयारण्य व्याघ्र प्रकल्पाच्या आतच आहेत, म्हणजे तीच जमीन दोनदा मोजली जाते. शिवाय प्रकल्पातले १,१०१.७७ चौ.कि.मी. बफर क्षेत्र आहे. त्यात गावे आणि शेती येतात, आणि बफर आहे एवढ्यावरून ती जमीन अभयारण्य ठरत नाही. गाभा क्षेत्राचा आकडा ६२५.८२ असा येतो. तो ६२५.४० पेक्षा ०.४२ ने, म्हणजे ४२ हेक्टरने जास्त आहे. गाभा क्षेत्राची अधिसूचना वेगळी असते, म्हणून असा फरक दिसला तर स्वतःच तो जुळवून टाकू नका. कोणता आकडा कोणत्या अधिसूचनेतला, ते शेजारी लिहा. घोडाझरी आणि कन्हाळगाव ही जिल्ह्यातली अभयारण्ये नंतर जाहीर झाली, त्यामुळे जुन्या वर्षाच्या तक्त्यात ती सापडणार नाहीत.

दुसरी गफलत ‘संरक्षित वन’ या रकान्यामुळे होते. तो भारतीय वन अधिनियम, १९२७ खालचा वनाचा दर्जा आहे. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येतात. तो रकाना इथे वापरायचा नाही.

म्हणून विश्वास ठेवायचा तो राजपत्रातल्या अधिसूचनेवर. अभयारण्यासाठी कलम १८ ची अधिसूचना फक्त इरादा जाहीर करते. त्यानंतर जिल्हाधिकारी लोकांचे हक्क तपासतात आणि अंतिम घोषणा कलम २६-अ खाली होते. राष्ट्रीय उद्यान कलम ३५ खाली जाहीर होते. आपल्या हातातली प्रत कोणत्या कलमाची आहे, हे सगळ्यात आधी पाहा.

प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. भारताचा कोणताही नागरिक हा अर्ज करू शकतो, कारण सांगावे लागत नाही. अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, संबंधित वन्यजीव विभागाच्या किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या, rtionline.maharashtra.gov.in वरूनही देता येतो. शुल्क १० रुपये, कागदी अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून मजकूर नेमका हवा. उदाहरणार्थ:

“अंधारी अभयारण्याच्या अंतिम अधिसूचनेची, त्यातील सीमावर्णन व कक्ष क्रमांकांच्या अनुसूचीसह, साक्षांकित प्रत द्यावी. त्यानंतर सीमेत बदल झाला असल्यास त्या अधिसूचनेचीही प्रत द्यावी.”

“एकूण संरक्षित क्षेत्र किती?” असे विचारू नका. मग उत्तरात पुन्हा तोच तयार तक्ता येतो. अनुसूची हाती आली की हेक्टरला शंभराने भागून चौ.कि.मी. काढा आणि बेरीज स्वतः पडताळा.

उद्यान एकाहून अधिक जिल्ह्यांत असेल तर जिल्हानिहाय विभागणीचा अभिलेखही मागावा लागतो. चांदोली राष्ट्रीय उद्यान ३१७.६७ चौ.कि.मी. आहे आणि ते सांगली, सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरले आहे. हा संपूर्ण आकडा एकट्या सांगलीच्या नावावर टाकला तर उरलेल्या तिन्ही जिल्ह्यांचे चित्र बिघडते. चारही ठिकाणी टाकला तर राज्याची बेरीज फुगते. तक्त्याखालच्या टिपेत “क्षेत्र अनेक जिल्ह्यांत विभागलेले” असा उल्लेख आहे का, ते शोधा. नसेल तर कक्ष क्रमांक तालुक्यांशी जुळवण्यावाचून पर्याय नाही. काम किचकट आहे, पण आकडा टिकतो तो असाच.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे करावे. त्याचे शुल्क २० रुपये. अपिलात “माहिती अपुरी” एवढेच न लिहिता, अनुसूचीची पाने मिळाली नाहीत की सीमावर्णन मिळाले नाही, हे स्पष्ट लिहा.