आयात मालाचे डॉलरमधले देणे 31 मार्चनंतर फेडले तर विनिमय फरक कोणत्या वर्षात?

वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या दालमिलने मोझांबिकची तूर उधारीवर मागवली, 31 मार्च उलटला आणि पैसे एप्रिलमध्ये गेले, तर विनिमय दराचा फरक दोन वर्षांत तुटतो. यासाठी कुठे अर्ज करायचा नसतो. नोंदी वहीत करायच्या आणि कागद ऑडिटरपुढे ठेवायचे.

कोणाला लागू? बिल परकीय चलनात असावे, माल मिळालेला असावा आणि देणे 31 मार्चला बाकी असावे. बिलच रुपयांत असेल तर हा प्रश्न येत नाही. मालापोटी आगाऊ रक्कम आधीच पाठवली असेल, तर त्या रकमेचेही वर्षअखेरीस नव्या दराने मूल्यांकन करत नाहीत. चूक बहुतेक इथेच होते.

उदाहरण (दर समजण्यापुरते): बिल 40,000 डॉलरचे. खरेदीच्या दिवशी, फेब्रुवारीत, दर 86 रुपये. खरेदी आणि देणे दोन्ही 34,40,000 रुपयांना नोंदवले. 31 मार्चला दर 85.50 झाला, म्हणजे देणे 34,20,000 उरले. 20,000 रुपयांचा नफा त्याच वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात गेला. 25 एप्रिलला बँकेने 86.20 ने पैसे पाठवले, 34,48,000 गेले. 28,000 चा तोटा नव्या वर्षाचा.

ऑडिट होईपर्यंत पैसे कधीच देऊन झालेले असतात. मग मालक विचारतो, “आता खरा दर माहीत आहे ना भाऊ, मग मार्चचा कायले पाहिजे?” पाहिजे, कारण एप्रिलमधली दरवाढ 31 मार्चची परिस्थिती दाखवत नाही. लेखा मानक 11 नुसार ताळेबंदाच्या तारखेचाच बंद दर घ्यायचा. दोन्ही फरक एकत्र करून फक्त 8,000 चा तोटा जुन्या वर्षात टाकला, तर दोन्ही वर्षांचा नफा चुकतो. तुरीच्या साठ्याची किंमतही या फरकाने बदलत नाही. ती 86 रुपयांनीच राहते.

कागदपत्रे: परदेशी विक्रेत्याचे बिल, बिल ऑफ लेडिंग, बिल ऑफ एन्ट्री, 31 मार्चच्या एफबीआयएल संदर्भ दराची प्रत आणि बँकेचा डेबिट ॲडव्हाइस. शेवटच्या कागदावर बँकेने प्रत्यक्ष लावलेला दर आणि कमिशन वेगवेगळे बघा. कमिशन हा बँक खर्च आहे, विनिमय तोटा नव्हे. बिल ऑफ एन्ट्रीवरचा दर कस्टम्सने शुल्कासाठी अधिसूचित केलेला असतो, तो उचलून खरेदी नोंदवू नका.

टॅलीत डॉलरचे खाते ठेवले असेल, तर ताळेबंदात `Unadjusted Forex Gain/Loss` अशी ओळ दिसते. 31 मार्चचा दर भरल्यानंतर त्या रकमेची जर्नल नोंद करावी लागते. ओळ तशीच दिसत असेल तर फरक अजून नफा-तोट्यात गेलेला नाही.