कांदा कुठे शोधायचा? वर्णानुक्रमाच्या एका स्वाध्यायाची पार्श्वभूमी

‘पुढील शब्द वर्णानुक्रमे लावा’ हा स्वाध्याय तसा जुना नाही. शब्द क्रमाने शोधण्याची गरजच आपल्याकडे उशिरा निर्माण झाली. अमरकोश विषयवार होता आणि तो पाठ करायचा होता. काही मध्ययुगीन संस्कृत कोशांत शब्द लावले आहेत ते शेवटच्या व्यंजनावरून. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश झाला, त्याचीही वर्गवारी विषयांचीच. 1829 मध्ये मराठी-मराठी आणि 1831 मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापून आले. तेव्हापासून कोश उघडून शब्द हुडकणे हे मराठी वाचकाचे काम झाले, आणि पुढे कधीतरी ते शाळेत शिकवण्याचे काम झाले.

शाळेने त्यासाठी दोन नावे घेतली, ‘वर्णानुक्रम’ आणि ‘अकारविल्हे’. मुलांना दोन्ही सारखीच परकी वाटतात. पण खरा घोटाळा या नावांनी होत नाही, तो ‘अक्षर’ या शब्दाने होतो. पहिले अक्षर सारखे असेल तर दुसरे पाहा, दुसरेही सारखे असेल तर तिसरे पाहा, असे आपण सांगतो. इंग्रजीत एवढे पुरते, कारण तिथे स्वरही व्यंजनासारखाच ओळीत उभा असतो. मराठीत स्वर व्यंजनाच्या अंगावर बसतो.

सहावीच्या वर्गात मी नेहमी ‘कमळ, कमान, कमी, कमवणे’ हे चार शब्द देतो. निम्म्याहून अधिक वह्यांत उत्तर येते ते ‘कमान, कमवणे, कमळ’ आणि मग कुठेतरी ‘कमी’. मुलाने काय केले ते यावरून लगेच कळते. त्याने ‘म’ आणि ‘मा’ एकच अक्षर धरले, म्हणजे दोन अक्षरे सारखी झाली, आणि मग तो तिसऱ्या अक्षरांची तुलना करत बसला. न आधी, व नंतर, ळ सर्वांत शेवटी. तिसऱ्या अक्षराबद्दलचे त्याचे ज्ञान बिनचूक आहे. पण निकाल दुसऱ्याच अक्षरावर लागला होता. ‘कम’ने सुरू होणारे सगळे शब्द संपल्यावरच ‘कमा’ सुरू होतो. म्हणून बरोबर क्रम आहे ‘कमवणे, कमळ, कमान, कमी’. यात तिसरे अक्षर लागते ते फक्त पहिल्या दोन शब्दांपुरते.

जोडाक्षरांचेही असेच आहे. ‘कर्ज’मधला रफार ज-च्या डोक्यावर दिसतो, म्हणून मूल तो शब्द ‘कज’च्या आसपास शोधते. पण तिथे र् आधी आहे आणि ज नंतर. पाय मोडलेला र कोशात र-ची सगळी स्वररूपे संपल्यावर येतो. म्हणजे ‘करवत, करार, करोड’ यांच्या मागून ‘कर्ज’. एवढे एकदा फळ्यावर फोड करून दाखवले की बहुतेक मुलांना उमगते.

अनुस्वाराचे मात्र तसे नाही, कारण तिथे मोठी माणसेच एकमताची नाहीत. ‘करंजी’ हा शब्द ‘करवत, करार, करोड, कर्ज’ या ओळीत कुठे घालायचा? बाराखडी पाठ असलेले मूल म्हणते, रं हा रौ-च्या नंतर. म्हणून ‘करोड, करंजी, कर्ज’. कोशांतली रूढ पद्धत धरली तर बिंदू आधी येतो, म्हणून ‘करंजी’ सर्वांच्या पुढे, ‘करवत’च्याही आधी. संस्कृतच्या वळणाने अनुस्वाराला पुढच्या व्यंजनाचा नासिक्य वर्ण मानला, तर तो शब्द ‘करञ्जी’ होतो आणि कोशात ञ-च्या जागी, म्हणजे तिसऱ्याच ठिकाणी जातो, जरी या ओळीत तो ‘करवत’च्या आधीच राहतो. ‘अंक’ शोधणारे आठवीतले मूल संस्कृत कोशात ‘अङ्क’पाशी गेले नाही तर त्याला वाटते, शब्दच नाही.

बाराखडीच्या बाजूने एक गोष्ट खरीच आहे. ती मुलाला तोंडपाठ असते आणि शाळेने तिच्याविरुद्ध जावे हे विचित्र दिसते. पण बाराखडी ‘कं’ सांगते, ‘कां’ सांगत नाही. मग ‘कांदा’ कुठे ठेवायचा? ‘किंमत’, ‘कुंपण’, ‘कोंबडी’ कुठे? अनुस्वार हा औ-नंतरचा स्वर असता तर तो आ-वर, इ-वर बसलाच नसता. तो स्वराला चिकटणारी खूण आहे. 2009 च्या शासन निर्णयाने प्रमाण वर्णमाला ठरवली, तेव्हा चौदा स्वर वेगळे दिले आणि अनुस्वार-विसर्ग ‘स्वरादी’ म्हणून वेगळे काढले. माझ्या मते प्रश्न तिथेच सुटायला हवा होता. प्रत्येक स्वरात त्याचे बिंदूयुक्त रूप आधी घ्यावे: क-मध्ये ‘कंठ’ मग ‘कमळ’, का-मध्ये ‘कांदा’ मग ‘काका’, कि-मध्ये ‘किंमत’ मग ‘किल्ला’. नियम एकच राहतो आणि एकही शब्द बेघर राहत नाही. तरी स्वाध्यायांत आणि उत्तरसूचीत दोन्ही प्रकार चालू आहेत, आणि कोणती पद्धत धरली हे बहुधा लिहिलेलेही नसते.

या गुंत्यात 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी भर घातली. ते नियम योग्यच होते. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले आणि मुलांचा मोठा भार हलका झाला. पण ‘पांच’चे ‘पाच’, ‘नांव’चे ‘नाव’ आणि ‘कांहीं’चे ‘काही’ झाले, म्हणजे शब्दांचे पत्तेही बदलले. बिंदू आधी मानणाऱ्या कोशात ‘कांहीं’ का-च्या सुरुवातीला बसतो, तर ‘काही’ त्याच का-च्या शेवटाकडे जातो. शाळेच्या कपाटातला 1932 पासून निघालेला बहुखंडी कोश जुन्या लेखनाचा आहे. त्यात आजच्या लेखनाने शब्द शोधणाऱ्या मुलाने एखादे वेळी रिकाम्या हाताने परतणे यात त्याची चूक नाही.

क्ष आणि ज्ञ यांच्याविषयी थोडक्यात एवढेच, की वर्णमालेत ते शेवटी आहेत, हिंदी कोशांत मात्र क आणि ज यांच्या पोटात.

आता मुले संगणकावर यादी लावून उत्तर ताडून पाहतात. युनिकोडमध्ये संगणकासाठी प्रत्येक अक्षराला आणि खुणेला एक क्रमांक दिलेला असतो. नुसत्या त्या क्रमांकांनी यादी लावली तर अनुस्वार 0902 वर, म्हणजे व्यंजनांच्या आणि मात्रांच्या आधी येतो, आणि पाय मोडण्याची खूण 094D वर, मात्रांच्या नंतर. म्हणून ‘कांदा, काका’ आणि ‘करोड, कर्ज’ हे कोशासारखेच लागतात. पण ळ 0933 वर, ल आणि व यांच्या मध्ये आहे. त्यामुळे ‘कमळ’ हा ‘कमवणे’च्या आधी जातो, आपल्या वर्णमालेत ळ ह-नंतर असूनही. ॲ तर मागाहून आला आणि त्याला 0972 ही जागा मिळाली. त्या क्रमाने ‘ॲप’ हा शब्द ‘हत्ती’च्याही नंतर लागतो. मराठी क्रम सांगून ठेवलेली प्रणाली असेल तर हे टळते, पण वर्गातल्या संगणकावर ती आहे की नाही हे दिसून येत नाही.

म्हणून नवा कोश किंवा नवी यादी हाती आली की मी मुलांना आधी तीन शब्द शोधायला लावतो: ‘कांदा’, ‘क्षमा’ आणि ‘ॲप’. ‘कांदा’ का-च्या सुरुवातीला आहे की शेवटी, ‘क्षमा’ क-मध्ये आहे की ज्ञ-शेजारी, ‘ॲप’ ए-च्या नंतर आहे की कुठे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहायचे. मग त्या दिवसाचे शब्द.