ऑनलाइन विक्रीसाठी वस्तू निवडताना: शोधांची आकडेवारी कशी वाचावी

नवा माल भरण्याआधी बहुतेक ग्राहक आम्हाला विचारतात, "सध्या काय चालतंय?" सध्या जे चालतंय ते सगळ्यांनाच दिसतं, त्यामुळे तिथे विक्रेत्यांची झुंबडही असते. आम्ही शोधतो ती वस्तू वेगळी. लोक ती बारा महिने शोधतात, पण मनासारखी मिळत नाही. अशी वस्तू कशी हुडकायची, ते एका उदाहरणाने सांगतो: मिक्सरच्या भांड्याच्या झाकणाला बसणारं रबर, म्हणजे वायसर.

पहिली तपासणी मागणी टिकाऊ आहे का याची. गूगल ट्रेंड्सवर देश भारत आणि कालावधी पाच वर्षं ठेवा. modak mould टाकलंत तर दरवर्षी गणपतीच्या सुमारास एक सुळका दिसेल आणि एरवी रेघ जमिनीला टेकलेली. हा माल सप्टेंबरनंतर उरला, तर पुढच्या वर्षापर्यंत तुमचं भांडवल अडकलं. रबर मात्र सणवार बघून झिजत नाही. हा आलेख वाचताना एक लक्षात ठेवा: त्यावरचा 100 म्हणजे शंभर शोध नव्हेत, त्या शब्दाचा त्या काळातला सर्वोच्च बिंदू. दोन वस्तूंची तुलना करायची तर दोन्ही शब्द एकाच आलेखावर घ्या. फार बारीक शब्दाचा आलेख तुटक येतो. मग mixer jar असा मोठा शब्द घेऊन कल बघा.

आता ग्राहक नेमकं काय टाइप करतो ते बघू. अ‍ॅमेझॉनच्या शोधपेटीत mixer jar लिहून थांबा आणि खाली सुचणारे शब्द टिपून घ्या. मग पुढे r, g, w अशी एकेक अक्षरं जोडा. याच वस्तूला कोणी rubber म्हणतो, कोणी gasket, कोणी washer. दक्षिणेकडे mixer ऐवजी mixie चालतं. पुष्कळ विक्रेते मथळ्यात एकच नाव लिहितात आणि बाकीच्या नावांनी शोधणारा ग्राहक गमावतात. गूगलच्या कीवर्ड प्लॅनरवर या शब्दांचे मासिक शोध दिसतात, पण जाहिरातीवर खर्च नसेल तर 100 ते 1 हजार असे ढोबळ टप्पेच मिळतात. शिवाय ते गूगलवरचे शोध, अ‍ॅमेझॉनसारख्या ऑनलाइन बाजारपेठेवरचे नव्हेत. हीलियम 10 किंवा जंगल स्काउटसारखी पैसे भरून घ्यायची साधनं बाजारपेठेतले आकडे देतात, पण तेही अंदाजच. दोन शब्दांत मोठा कोणता, एवढ्यापुरता त्यांच्यावर विश्वास ठेवा.

स्पर्धा मोजताना "2,000 हून अधिक निकाल" या ओळीकडे बघून घाबरू नका. त्यातले बरेचसे असंबद्ध असतात. फक्त पहिलं पान उघडा. जाहिराती वगळून पहिल्या दहांत किती जणांकडे हजारांवर रिव्ह्यू आहेत? सगळ्यांकडे असतील तर तो शब्द सोडा. दोन-तीन जण पन्नास-शंभर रिव्ह्यूंवर तिथे टिकून असतील तर वाट आहे. मग त्यांचे एक आणि दोन तारे वाले रिव्ह्यू नीट वाचा. आमच्या मते सगळ्या साधनांपेक्षा जास्त माहिती इथे मिळते. वायसरच्या बाबतीत "बसलं नाही" ही तक्रार पुन्हा पुन्हा आली, तर तुमचं काम ठरलं: आतला आणि बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहा, पट्टीवर ठेवलेल्या रबराचा फोटो द्या. कंपनीचं नाव "अमुक मिक्सरला चालेल" एवढ्यापुरतंच लिहा. माल त्या कंपनीचाच वाटेल असं लिहिलंत तर लिस्टिंग बंद होऊ शकते.

ट्रेडमार्कच्या आधारे अ‍ॅमेझॉनवर तुमची ब्रँड रजिस्ट्री झाली असेल, तर विक्रेत्याच्या खात्यातला, म्हणजे सेलर सेंट्रलमधला ब्रँड अ‍ॅनालिटिक्स जरूर उघडा. प्रत्येक शब्दाला सर्वाधिक क्लिक मिळवणाऱ्या तीन वस्तू आणि त्यांचा क्लिकमधला व खरेदीतला वाटा तिथे दिसतो. क्लिक भरपूर आणि खरेदीतला वाटा कमी, अशी वस्तू दिसली तर लोक ती उघडून परत जाताहेत असं समजा.

एवढं जुळूनही हिशेब फसतो तो किमतीत. समजा, एक वायसर 99 रुपयांना विकलं. माल 18, पॅकिंग 8 आणि फी व कुरिअर मिळून 65 गेले, तर हाती 8 रुपये राहतात; एक परत आलं की अनेक विक्रींचा नफा बुडाला. तेच तीन मापांचा संच 199 ला दिला, तर कुरिअर साधारण तेवढंच राहतं. म्हणून चालू फी आणि वजनाचा दर तपासल्याशिवाय मालाची ऑर्डर देऊ नका.

सुरुवात थोड्या नगांनी करा आणि छोटी ऑटोमॅटिक जाहिरात लावा, म्हणजे शब्द अ‍ॅमेझॉनच निवडेल. तिच्या सर्च टर्म रिपोर्टमध्ये कोणत्या शब्दावर खरंच ऑर्डर आली ते कळतं. आमच्याकडे येताना हा रिपोर्ट, मालाची मापं आणि खरेदीदर सोबत आणावा.