सकाळचे पोहे दुपारी साडेबाराला का दिसतात?

पुण्यातील एका उपाहारगृहात काउंटरच्या वर स्क्रीन लावलेली आहे, असे समजू. सकाळी ७ ते ११ या वेळेत तिच्यावर पोहे, उपमा आणि इडलीचे दर दिसावेत, ११ ते ३ थाळी दिसावी आणि ४ ते ९ वडापाव व भजी दिसावीत, अशी मालकाची इच्छा आहे. तो घरूनच ब्राउझरमध्ये स्क्रीन चालवणाऱ्या क्लाउड प्रणालीचा डॅशबोर्ड उघडतो, चित्रे व चित्रफिती चढवतो, त्यांच्या तीन प्लेलिस्ट तयार करतो आणि प्रत्येकीला वेळ व वार नेमून देतो. यानंतर ठरलेल्या वेळी क्लाउडमधील संगणकच स्क्रीनवरचे दृश्य बदलत असेल, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक प्रणालींमध्ये हे काम स्क्रीनमागे बसवलेला किंवा टीव्हीतच असलेला लहान संगणक करतो. त्याला प्लेअर म्हणतात.

प्लेअर दर काही मिनिटांनी क्लाउडकडे नवे वेळापत्रक आहे का, याची विचारणा करतो. असल्यास ते आणि त्यासाठी लागणाऱ्या फाइली तो आधीच उतरवून स्वतःजवळ साठवतो. त्यामुळे भर दुपारी इंटरनेट बंद पडले तरी तीन वाजता थाळी जाते आणि चार वाजता वडापाव येतो. मात्र फाइल उतरायला वेळ लागतो, हे ध्यानात ठेवावे लागते. सेकंदाला ८ मेगाबिट या दराने बनवलेली १५ सेकंदांची चित्रफीत सुमारे १५ मेगाबाइटची असते. अशा बारा चित्रफितींचे १८० मेगाबाइट होतात आणि सेकंदाला ४ मेगाबिट वेगाच्या जोडणीवर त्या उतरायला सहा मिनिटे लागतात. दुकानात अनेक स्क्रीन एकाच जोडणीवर असतील, तर हा वेळ त्याच पटीत वाढतो. म्हणून पावणेचारला केलेला बदल चारला दिसेलच, याची खात्री नसते. आदल्या रात्री केलेला बदल सहसा सुखरूप पोहोचतो.

वेळ झाली की नाही, हे प्लेअर स्वतःच्या घड्याळावरून ठरवतो, आणि माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत फसव्या चुका इथेच घडतात. नव्या प्लेअरवर वेळक्षेत्र नेमलेले नसेल, तर तो यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरून चालू शकतो. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे असल्यामुळे सातचे पोहे दुपारी साडेबाराला येतात. चूक बरोबर साडेपाच तासांची असेल, तर घड्याळ ठीक आहे आणि `Asia/Kolkata` हे वेळक्षेत्र निवडायचे राहिले आहे, असे जवळजवळ निश्चित मानावे.

चूक अशी नेमकी नसेल, तर शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागतो. रास्पबेरी पाय ४ सारख्या स्वस्त संगणकांवर वीज गेल्यावर वेळ मोजत राहणारे घड्याळच नसते. वीज परत आल्यावर तो शेवटची नोंदवलेली वेळ धरून सुरू होतो आणि मग एनटीपी या पद्धतीने इंटरनेटवरून खरी वेळ मागून घेतो. रात्री दोन तास वीज गेली आणि सकाळी इंटरनेट नसेल, तर पोहे नऊला उगवतील. कधी दुकानाचा राउटर एनटीपीसाठी लागणारा यूडीपी पोर्ट १२३ अडवतो, पण इतर वाहतूक जाऊ देतो. तेव्हा डॅशबोर्डवर प्लेअर हिरवा, म्हणजे जोडलेला दिसतो आणि तरीही त्याचे घड्याळ चुकीचे असते. स्क्रीन मागे राहण्याचा काळ वीज गेल्याच्या काळाइतकाच असेल, तर कारण हेच असण्याची दाट शक्यता आहे.

आपल्या उदाहरणात ३ ते ४ हा तास मोकळाच राहिला आहे. त्या वेळी अशा मोकळ्या वेळेसाठी ठेवलेली मूळ प्लेलिस्ट लागते. ती नेमली नसेल, तर स्क्रीन काळी पडते किंवा उत्पादकाचे बोधचिन्ह दाखवत बसते. याउलट, एकाच वेळेवर दोन नोंदी आल्या तर प्राधान्यक्रम पाहिला जातो. आषाढी एकादशीला साबुदाणा खिचडीची प्लेलिस्ट लावायची असेल, तर ती वारानुसार लावून चालणार नाही, कारण तिथी दरवर्षी वेगळ्या वारी आणि तारखेला येते. त्या एका तारखेची नोंद करून तिला वरचे प्राधान्य द्यावे. Xibo या मुक्त स्रोत प्रणालीत दोन्ही नोंदींचे प्राधान्य सारखे राहिले, तर दोन्ही आळीपाळीने दिसतात, आणि उपवासाच्या दिवशी खिचडीपाठोपाठ कांदेपोहे झळकतात.

वेळापत्रक तपासताना डॅशबोर्डवरील पूर्वदृश्यावर विसंबू नये, कारण ते केवळ मालकाने काय ठरवले ते दाखवते. अनेक प्रणालींमध्ये प्लेअर काय, केव्हा दाखवले याची नोंद परत पाठवतो. मात्र त्या नोंदीवरची वेळही प्लेअरच्याच घड्याळाची असू शकते, त्यामुळे ते घड्याळ चुकले असले तरी नोंद निर्दोष दिसते. म्हणून बदलाच्या क्षणी दुकानातील कोणाला तरी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढायला सांगावे आणि फोटोची वेळ त्या नोंदीशी ताडून पाहावी. एक-दोन मिनिटांचा फरक चालू चित्रफीत संपण्याची वाट पाहिल्यामुळेही पडू शकतो. त्याहून मोठा फरक दिसला, तर प्रथम प्लेअरचे घड्याळ पाहावे.