४.५ या आकड्यामागचे ऐंशी वर्षांचे डोळे

सांगली-मिरज रस्त्यालगतच्या भिंती पेंटर रंगवायचे, तेव्हा जाहिरात म्हाताऱ्या माणसाला वाचता येईल का, हा प्रश्न वेगळा पडतच नसे. ऑइल पेंटचे डबे मोजके, म्हणून पिवळ्यावर काळं नाहीतर पांढऱ्यावर लाल. जागा ठरलेली, म्हणून शब्द कमी. आणि पेंटर मधूनमधून रस्त्यापलीकडे जाऊन अक्षर कसं दिसतंय ते बघून यायचा.

फ्लेक्स आले आणि अक्षर हातभर अंतरावरच्या कॉम्प्युटरवर ठरू लागलं. मागे फोटो, अक्षराला जाड गडद किनार, खाली सावली. देवनागरीला हे फार महागात पडतं. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या बारीकशा फटीचा. ती बुजली की शब्द अंदाजानं वाचावा लागतो. दहा फुटी फ्लेक्सवर हे निभावून गेलं. तीच फाइल व्हॉट्सॅपवर जाऊ लागली, तेव्हा मात्र आजोबांनी फोन लांब धरून बघायचा आणि ठेवून द्यायचा, हे घरोघरी सुरू झालं.

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, बाहुली लहान राहते, आत उजेड कमी पोचतो. वेबसाठीच्या WCAG 2.0 या नियमावलीत २००८ साली याचा हिशेब आला. चांगल्या नजरेला अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात ३:१ चा फरक पुरतो असं धरलं होतं. साधारण ऐंशीच्या वयात नजर २०/४० च्या आसपास असते, म्हणजे चांगल्या नजरेला चाळीस फुटांवरून दिसतं ते वीस फुटांवर यावं लागतं, म्हणून त्याची दीडपट केली आणि ४.५:१ ठरलं. ठळक, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतं.

आता मिरजेतल्या एखाद्या मोतीबिंदू शिबिराची जाहिरात घ्या. आपल्याकडे लाडकी असलेली भगवी पट्टी (#FF9933) आणि तिच्यावर पांढरी अक्षरं: फरक जेमतेम २.१:१. ज्यांच्यासाठी शिबिर, त्यांनाच ते वाचता येणार नाही. त्याच पट्टीवर काळी अक्षरं टाका, फरक साडेनऊच्या वर जातो. भगवा रंगही सोडावा लागत नाही.

आकाराचं गणित फोनवर करावं. १०८० पिक्सेल रुंदीचं चित्र साडेसहा सेंटीमीटरच्या पडद्यावर बसलं, तर २८ पिक्सेलचा फॉन्ट पावणेदोन मिलिमीटरचाही राहत नाही. त्यातही वरखाली मात्रा-उकारांची जागा जाते आणि मूळ अक्षर मिलिमीटरभर उरतं. ७२ पिक्सेल घेतले की ते अडीच मिलिमीटरच्या आसपास येतं. पण मग 'सवलतीच्या दरात नेत्रतपासणी व शस्त्रक्रिया' एवढं मावत नाही. 'डोळे तपासून मिळतील. रविवारी, सकाळी ९' मावतं, आणि माझ्या मते तेच जास्त चांगलं मराठी आहे.

४.५ हा आकडा सपाट रंगांचा. मागे फोटो असेल तर अक्षराखालचा सर्वांत प्रतिकूल ठिपका निवडून मोजावं. फोनमधली अक्षरं मोठी करण्याची सोय चित्रातल्या अक्षरांना लागू होत नाही. म्हणून वार, वेळ, पत्ता चित्राखाली मेसेजमध्येही टाइप करावा.