हेज बिनखर्चाचे नसते

“भाऊ, बिटकॉइन विकायचं नाही, म्हणून तेवढ्याच रकमेचं पर्पेच्युअल शॉर्ट केलंय. आता वर्षभर काही खर्च नाही ना?” (जळगावहून एक वाचक)

खर्च येऊ शकतो, दादा. शॉर्ट म्हणजे भाव पडला तर नफा देणारा सौदा, तो होल्डिंगचा तोटा भरून काढतो, हेच तुमचं हेज. पर्पेच्युअल हा वायदा, पण त्याला मुदत नसते. त्याची किंमत स्पॉटजवळ, म्हणजे चालू बाजारभावाजवळ राहावी म्हणून बऱ्याच एक्स्चेंजवर दर 8 तासांनी फंडिंग, म्हणजे लाँग आणि शॉर्टवाल्यांनी एकमेकांना द्यायची रक्कम, वळते होते. फंडिंगचा दर धन असेल तर लाँगवाला शॉर्टवाल्याला देतो, म्हणजे पैसे तुम्हालाच मिळतात. तेजीत बहुधा असेच घडते आणि गैरसमज तिथूनच पसरला. पण भीतीने सगळे शॉर्टकडे धावले की दर ऋण होतो आणि भरणारे तुम्ही असता.

समजा होल्डिंग 5 लाखांचे, मार्जिन 1 लाख आणि दर उणे 0.03 टक्के. दर वेळी 150 रुपये, दिवसाला 450. दर तसाच टिकला तर 30 दिवसांत 13,500. आकारणी मार्जिनवर नाही, पूर्ण 5 लाखांवर होते, हे लोक हमखास विसरतात. कापले मात्र मार्जिनमधूनच जाते, त्यामुळे लिक्विडेशनची, म्हणजे एक्स्चेंज सौदा सक्तीने बंद करते ती, किंमतही जवळ सरकते. पर्पेच्युअल स्पॉटपेक्षा सतत स्वस्त दिसू लागले की दर ऋण होण्याची ती खूण. तेव्हा हा खर्च मोजा आणि परवडत नसेल तर शॉर्ट कमी करा. तेवढ्या भागाची जोखीम मात्र पुन्हा तुमच्याकडे येईल.