नवापूरच्या कोंबड्या आणि सत्तर अंश सेल्सिअस

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या पोल्ट्री शेडमधून हजारो कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा अनेकांनी प्रथम ती नेहमीची मानमोडी, म्हणजे राणीखेत, असावी असे धरले होते. राणीखेत आणि बर्ड फ्लू या दोन्ही रोगांत पक्षी झपाट्याने मरतात आणि नुसत्या डोळ्यांनी फरक सांगणे कठीण असते. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल १८ फेब्रुवारीला आला आणि भारतातील एच५एन१ बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक महाराष्ट्राच्या नावावर नोंदला गेला. त्यानंतर लाखो पक्षी मारून पुरले गेले, चिकनचे भाव कोसळले आणि अंड्यांना गिऱ्हाईक उरले नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच नवापुरात पुन्हा तेच घडले. प्रत्येक उद्रेकात लोकांचे दोन तट पडतात. एक तट चिकनचे नावच टाकतो. दुसरा तट ‘आपण मसाला घालून खरपूस शिजवतो, आपल्याला काय होणार’ असे म्हणून निर्धास्त राहतो. दुसऱ्या तटाचे म्हणणे बरेचसे खरे आहे, पण ज्या कारणाने खरे आहे ते कारण त्याला सहसा ठाऊक नसते, आणि त्यामुळे ते कोठे खोटे ठरते हेही ठाऊक नसते.

मुळात फ्लू हा श्वसनाचा रोग असताना त्याचा विषाणू कोंबडीच्या तंगडीत कशाला येईल, हा प्रश्न रास्त आहे. फ्लूच्या विषाणूच्या कवचावर हिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन शेकडोंच्या संख्येने उभे असते. हे प्रथिन एका अखंड साखळीच्या रूपात तयार होते आणि एका ठरावीक जागी कापले गेल्याशिवाय ते कामाचे नसते. हे कापण्याचे काम विषाणूला स्वतःला जमत नाही, त्यासाठी तो पक्ष्याच्या विकरांवर अवलंबून असतो. सौम्य प्रकारच्या विषाणूत कापण्याची जागा अशी असते की ती ट्रिप्सिनसारख्या विकरांनाच कापता येते. ही विकरे श्वासमार्गात आणि आतड्यात असतात, त्यामुळे विषाणूचा संचारही तेवढ्यापुरताच राहतो. एच५एन१ सारख्या जहाल प्रकारात मात्र त्या जागी अर्जिनिन आणि लायसिन या अमिनो आम्लांची रांगच लागलेली असते आणि ती फ्युरिन नावाच्या विकराला कापता येते. फ्युरिन जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. म्हणून हा विषाणू मेंदूत, काळजात, स्नायूंत आणि अंडाशयातही वाढतो, आणि म्हणूनच तो मांसात आणि अंड्याच्या आत सापडू शकतो. प्रयोगशाळेत लागण केलेल्या कोंबड्यांच्या एका ग्रॅम मांसात त्याची संख्या कोटीच्या घरात गेल्याचे आढळले आहे. तेव्हा चिकनमध्ये विषाणू नसतोच, असे सांगून धीर देणे चुकीचे आहे.

आता हेच हिमॅग्लुटिनिन उष्णतेपुढे कसे हरते ते पाहू, कारण सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग हाच आहे. कापले गेल्यानंतर हे प्रथिन एखाद्या ताणून लावलेल्या उंदराच्या सापळ्यासारखे होते. त्याची घडी स्थिर दिसते, पण ती त्याची सर्वांत कमी ऊर्जेची, म्हणजे खरी विसाव्याची, अवस्था नसते. पेशी विषाणूला गिळून एका लहान पिशवीत बंद करते, आणि त्या पिशवीतला सामू उतरत पाचच्या आसपास आला की त्या आम्लतेने खटका पडतो. प्रथिन एकदम उलगडते, त्याचा टोकाचा भाग पेशीच्या पटलात रुततो, ते पुन्हा दुमडते, आणि त्या ओढीने विषाणूचे कवच व पेशीचे पटल एकजीव होते. तेवढ्या फटीतून विषाणूचा आरएनए आत उतरतो. हा सापळा एकदाच उडतो, तो पुन्हा लावता येत नाही. १९९७ मध्ये पीटर किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की आम्ल अजिबात न घालता, उदासीन द्रावणात, नुसत्या उष्णतेनेही हाच खटका पडतो आणि त्यासाठी साठ अंशांच्या थोडे पुढे जाणे पुरेसे असते. पेशी जवळ नसताना सापळा उडाला की त्या विषाणूचा प्रवेशाचा मार्ग संपला. तापमान आणखी चढले की प्रथिनांच्या घड्या कायमच्या विस्कटतात आणि विषाणूचे मेदाचे कवचही टिकत नाही.

एकदा ही यंत्रणा समजली की आकडे आपोआप बोलू लागतात. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेत कोंबडीच्या मांसातील जहाल विषाणू एक कोटीला एक या प्रमाणात घटवण्यासाठी लागणारा वेळ दिलेला आहे. मांसाच्या गाभ्याचे तापमान ६० अंश असेल तर ५०७ सेकंद, ६५ अंश असेल तर ४२ सेकंद, ७० अंश असेल तर ३.५ सेकंद. एक कोटीपासून एकपर्यंत येण्यासाठी संख्या सात वेळा दहा-दहा पटींनी कमी व्हावी लागते. म्हणजे ७० अंशांना प्रत्येक टप्प्याला अर्धा सेकंद लागतो: अर्ध्या सेकंदात कोटीचे दहा लाख, पुढच्या अर्ध्या सेकंदात दहा लाखांचे लाख, आणि साडेतीन सेकंदांच्या शेवटी एखाद-दुसरा. ६० अंशांना हाच एक टप्पा सुमारे ७२ सेकंद घेतो. पाच अंशांच्या वाढीने वेळ बारा पटींनी घटतो, ही साधी गोष्ट नव्हे. शाळेत आपण शिकतो की दहा अंशांच्या वाढीने रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि इथे पाच अंशांत बारापट होतो. कारण एकेक बंध सुटा सुटा तुटत नाही. घडीतले अनेक दुबळे बंध एकमेकांना धरून असतात, आणि काही सुटले की बाकीचे एकदमच सुटतात.

या सगळ्याला पाणी लागते, हे फार कमी लोकांना माहीत असते. त्याच संहितेत अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या कोरड्या भुकटीसाठी ६७ अंशांना वीस तास सांगितले आहेत. ओल्या मांसात जे काम काही सेकंदांत होते, त्याला कोरड्या भुकटीत तास लागतात, कारण घडी उलगडायला प्रथिनाच्या साखळ्यांना हालचाल करावी लागते आणि पाण्याशिवाय त्या जागच्या जागी अडकून राहतात. सुदैवाने आपला रस्सा ओलाच असतो. उकळत्या रश्शात वीस-पंचवीस मिनिटे शिजलेल्या चिकनच्या तुकड्याचा गाभा नव्वद अंशांच्या पुढे गेलेला असतो. महाबळेश्वरला पाणी शंभराऐवजी पंचाण्णव अंशांच्या आसपास उकळते, पण त्यानेही काही बिघडत नाही. हळद, मीठ आणि लसूण यांचा या सुरक्षिततेत काहीही वाटा नाही. लिंबू आणि दही आम्ल असल्यामुळे तत्त्वतः खटका पाडू शकतात, मात्र ते पृष्ठभागापुरतेच पोहोचतात, त्यामुळे मुरवणाच्या भरवशावर राहू नये. ‘गावठी कोंबडीला हा रोग होत नाही’ हा संदेशही दर उद्रेकात फिरतो. तो खोटा आहे, आणि परसात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांचा रानपाखरांशी संबंध उलट अधिकच येतो.

अंड्याच्या बाबतीत निसर्गाने आपल्याला आतच तापमापक बसवून दिला आहे. पांढरा बलक ६२ अंशांच्या आसपास दुधाळ होऊ लागतो, पिवळा बलक ६५ अंशांना दाटू लागतो आणि ७० अंशांच्या आसपास घट्ट बसतो. म्हणून चमचा मारल्यावर पिवळा बलक वाहत असेल तर त्याचा गाभा सत्तरला पोहोचलेला नाही, आणि सुटसुटीत भुगा होत असेल तर पोहोचून पुढे गेलेला आहे. बाहेरून अंडे कितीही धुतले तरी कवचाच्या आतल्या विषाणूला त्याचा उपद्रव होत नाही. लागण झालेली कोंबडी लवकरच अंडी द्यायची थांबते, पण लक्षणे दिसण्यापूर्वी दिलेल्या अंड्यात तो असू शकतो. उद्रेकाच्या भागात हाफ फ्राय, कच्च्या अंड्याचे मेयोनेज आणि व्यायामशाळेतल्या मुलांचे दुधात फेटलेले कच्चे अंडे टाळावे. भुर्जी आणि पूर्ण उकडलेले अंडे खुशाल खावे.

धोका खरोखर कोठे आहे, हे गोरेवाड्याने दाखवले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावले. त्यांना एच५एन१ झाल्याचे भोपाळने सांगितले आणि संशय त्यांना घातलेल्या कोंबडीच्या मांसावर गेला. वाघ मांस शिजवून खात नाही. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात दोन वर्षांच्या एका मुलीचा याच रोगाने मृत्यू झाला, तेव्हाही तिने चिकनचा कच्चा तुकडा खाल्ल्याचे बातम्यांत सांगितले गेले. २००३ पासून जगभरात माणसांतील नऊशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतील जवळजवळ निम्मे दगावले. त्यांपैकी बहुतेकांचा संबंध जिवंत, आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांशी आला होता. नीट शिजवलेल्या चिकनमधून लागण झाल्याचा पुरावा नाही. पीडा होते ती पक्षी कापताना, पिसे काढताना आणि आतडी बाहेर ओढताना, कारण त्या वेळी विषाणू हातांवर, हवेत उडणाऱ्या तुषारांत आणि तिथून नाका-डोळ्यांत जातो. घरातही कच्चे चिकन वाहत्या नळाखाली धुतल्याने शिंतोडे ओट्यावर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या कांदा-कोथिंबिरीवर उडतात, आणि कोशिंबीर कोणी शिजवत नाही. फ्रिजमध्ये ठेवल्याने विषाणू मरत नाही. गोठवलेल्या मांसात तर तो उलट जपून राहतो.

शिजवण्यातली चूक सहसा रश्शात होत नाही, ती निखाऱ्यावर किंवा तव्यावर होते. फ्रीजरमधून काढलेली तंगडी पुरती न वितळवता शेगडीवर टाकली की बाहेरची कातडी काळी पडते आणि हाडाजवळचा भाग चाळीस-पन्नास अंशांवर राहतो. रंगावरून निर्णय घेताना मात्र सावध असावे. मांस गुलाबी आणि रस तांबूस असेल तर ते पुन्हा विस्तवावर ठेवावे, हे बरोबर आहे, पण हाडाला चिकटलेली गडद लाली पुरते शिजलेल्या चिकनमध्येही दिसते. ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांचा असतो, त्याची हाडे अजून सच्छिद्र असतात आणि गोठवल्यावर मज्जेतले रक्त झिरपून भोवतालच्या मांसात उतरते. ज्यांना शंका राहते त्यांनी स्वयंपाकाचा तापमापक घ्यावा, त्याची सुई तंगडीच्या सर्वांत जाड भागात हाडाला न टेकवता खुपसावी आणि आकडा ७४ अंशांवर गेला की शेगडीवरून उतरवावे.